विश्लेषण : रीलमुळे नेमके किती पाहुणे आले? मढच्या तंबूवाल्याने हिशोब कसा मांडायचा?

जुलैच्या एका शनिवारी माळशेज घाटाचा रील सहा लाख जणांनी पाहिलेला असतो आणि त्याच रात्री पिंपळगाव जोगा धरणाच्या काठावरचे सगळे तंबू भरलेले असतात. पैसे देऊन रील करून घेणाऱ्या कॅम्पमालकाला वाटते, पैसे वसूल झाले. पण शेजारच्या ज्या कॅम्पने एक रुपयाही खर्च केला नाही, त्याचेही तंबू त्या रात्री भरलेलेच असतात. मग रीलने नेमके काय दिले? इन्फ्लुएन्सरवर केलेल्या खर्चाचा परतावा मोजायचा तर या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही.

मढचेच उदाहरण का?

जुन्नर तालुक्यातील मढ हे गाव कल्याण-अहिल्यानगर महामार्गाच्या पट्ट्यात, माळशेज घाट आणि ओतूर यांच्या मधे येते. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी एक असलेल्या पिंपळगाव जोग्याचे पाणी येथून जवळ. पुढे खुबी फाट्यावरून खिरेश्वर आणि तेथून टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडाची वाट. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. या पट्ट्यात पाण्याकाठचे तंबू, घरगुती निवास, कृषी पर्यटन केंद्रे असा धंदा आहे आणि त्याच्या जाहिरातीचे मुख्य साधन आता इन्स्टाग्रामवरचा रील हेच आहे.

हे उदाहरण घेण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. येथे पाऊस पडू लागला की गर्दी आपोआप येते. जाहिरात केली तरी आणि न केली तरी. त्यामुळे रीलचे श्रेय आणि पावसाचे श्रेय वेगळे करणे इथे सर्वात अवघड आणि सर्वात गरजेचे ठरते. रील साधारण पावसाच्या तोंडावरच टाकला जातो. मग जूनपेक्षा जुलैत पाहुणे दुप्पट झाले, हे वाक्य खरे असूनही त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

पुढे दिलेले कॅम्पचे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाचे दर आणि खर्च निराळे असणार. रीत मात्र तीच राहते.

रील करण्याआधी कोणता आकडा माहीत हवा?

समजा, एका कॅम्पमध्ये दहा तंबू आहेत. एका तंबूत दोघे, म्हणजे रात्रीला वीस पाहुणे. माणशी दर १,२०० रुपये. त्यात संध्याकाळचा चहा, रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता. आता एक पाहुणा वाढला तर मालकाचा खर्च कितीने वाढतो? शिधा, गॅस, सरपण, चादरी धुणे, रोजावर येणाऱ्या मदतनिसाची मजुरी हे सगळे धरून ५०० रुपये म्हणू. जागेचे भाडे, तंबूंची किंमत, वीजजोडणी हे खर्च पाहुणा आला नाही तरी होतातच, म्हणून ते इथे धरायचे नाहीत. म्हणजे एका वाढीव पाहुण्यामागे हाती राहतात ७०० रुपये.

बहुतेकांचा हिशोब येथेच चुकतो. रीलमुळे ५० हजारांचा धंदा झाला आणि फी होती २० हजार, म्हणून अडीचपट परतावा मिळाला, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या ५० हजारांतले २० हजारांहून अधिक किराणा, गॅस आणि मजुरीत गेलेले असतात. परतावा विक्रीवर मोजला तर प्रत्येक रील फायद्याचा दिसतो. तो हाती राहिलेल्या पैशांवरच मोजावा लागतो.

या कॅम्पने दोघांशी बोलणी केली असे धरू. पहिला पुण्याचा, एक लाख वीस हजार फॉलोअर असलेला, फी २० हजार. तो चौघांच्या चमूसह एक रात्र राहिला, त्याचा खर्च चार गुणिले ५००, म्हणजे २,००० रुपये. एकूण २२ हजार. दुसरे मराठी भटकंतीचे छोटे पान, १४ हजार फॉलोअर, मानधन ४ हजार, दोघांचा मुक्काम १ हजार. एकूण ५ हजार. दोघांनाही बुधवारी बोलावले, कारण शनिवारी त्यांना तंबू दिले असते तर पैसे देणारे पाहुणे परत पाठवावे लागले असते आणि तो तोटाही रीलच्याच खर्चात धरावा लागला असता. फुकट मुक्काम म्हणजे फुकट जाहिरात, हा समज अशा शनिवारी महागात पडतो.

कोड कसा असावा?

प्रत्येक इन्फ्लुएन्सरला वेगळा कोड द्यायचा, हे तत्त्व नवे नाही. वर्तमानपत्रातील जाहिरातीचे कात्रण घेऊन या आणि सवलत मिळवा, ही त्याचीच जुनी आवृत्ती. अमेरिकन जाहिराततज्ज्ञ क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ मध्ये लिहिलेल्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात कूपनवर खूण ठेवून कोणती जाहिरात चालली हे मोजण्यावरच भर दिला होता.

मढसारख्या ठिकाणी बुकिंग वेबसाइटवर कमी आणि फोनवर जास्त होते. म्हणून कोड बोलता आला पाहिजे. अक्षरे आणि आकड्यांची खिचडी असलेला कोड फोनवर कोणी नीट सांगत नाही आणि सांगितला तर लिहून घेणारा चुकतो. पहिल्याला JOGA आणि दुसऱ्याला KHUBI असे कोड दिले, तर पाहुणा सरळ ‘जोगा कोड आहे’ म्हणतो.

कोडवर काय द्यायचे, हा त्याहून महत्त्वाचा निर्णय. दरात वीस टक्के सूट दिली की दोन गोष्टी होतात. आधीच येणार असलेला पाहुणा ऐनवेळी कोड शोधतो आणि मालक विनाकारण २४० रुपये घालवतो. शिवाय असा कोड मित्रमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतो. मग रील कधी न पाहिलेले लोकही जोगा म्हणत येतात आणि त्या इन्फ्लुएन्सरच्या नावावर जमा होतात. त्यापेक्षा कोडवर जेवणात मासवडी द्यावी. या भागाची ती ओळख आहे, पाहुण्याला तिचे अप्रूप वाटते आणि मालकाला ताटामागे साठ रुपये पडतात, असे धरू. मासवडीसाठी रील पाहिलेला माणूस कोड सांगतो. पण केवळ मासवडीसाठी कोणी कोड हुडकत बसत नाही.

आणखी एक अट घालावी : कोड रविवार ते गुरुवार रात्रीच्या मुक्कामालाच चालेल. पावसाळ्यातला शनिवार तसाही भरतो. दहा तंबू भरल्यावर अकराव्या तंबूचे गिऱ्हाईक कितीही उत्तम रीलने आणले तरी ते परतच जाणार. रिकामी असते ती मंगळवारची रात्र. रीलचा फायदा मोजायचा असेल तर तो रिकाम्या तंबूंतच मोजता येतो.

हे धरून फी ठरवण्याआधीच एक साधा भागाकार करता येतो. मासवडी वजा जाता पाहुण्यामागे ६४० रुपये उरतात. पुण्याच्या इन्फ्लुएन्सरवरचा खर्च २२ हजार. म्हणजे त्याने आठवड्याच्या मधल्या दिवसांत किमान ३५ नवे पाहुणे आणले तर खर्च भरून निघेल. छोट्या पानासाठी हाच आकडा आठ. ३५ आणि ८ हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. रील लोकप्रिय झाल्यावर आनंदाच्या भरात ते बदलत नाहीत.

लिंकने काय कळते आणि काय निसटते?

कोड बुकिंग झाल्यावर कळतो. त्याआधी किती जणांनी चौकशी केली, हे लिंक सांगते. वेबसाइट असेल तर पत्त्याच्या शेवटी खुणा जोडतात. या खुणांना यूटीएम म्हणतात. गुगलने २००५ मध्ये विकत घेतलेल्या अर्चिन या कंपनीच्या नावावरून ते नाव आले.

```
https://example.com/madh?utm_source=instagram&utm_medium=influencer&utm_campaign=pavsala&utm_content=khubi
```

शेवटचा शब्द प्रत्येकासाठी बदलायचा. गुगल ॲनालिटिक्समध्ये मग khubi कडून किती जण आले हे वेगळे दिसते. एकीकडे khubi आणि दुसरीकडे Khubi लिहिले तर त्या दोन वेगळ्या रांगा होतात, म्हणून सगळीकडे लहान अक्षरेच ठेवावीत.

पण ज्या कॅम्पची वेबसाइटच नाही त्याचे काय? त्याच्यासाठी व्हॉट्सॲपची लिंक अधिक कामाची. तिच्यावर बोट ठेवले की चॅट उघडते आणि संदेश आधीच लिहिलेला असतो.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=KHUBI%20booking
```

क्रमांकाच्या जागी कॅम्पचा क्रमांक घालायचा. पाहुण्याने फक्त ‘पाठवा’ दाबले की पहिल्याच ओळीत KHUBI हा शब्द येतो आणि कोण कुठून आले याची नोंद आपोआप होते. नंतर चॅटमध्ये KHUBI शोधले की सगळ्या चौकशा एका खाली एक दिसतात. कोणी तो शब्द खोडून स्वतःचा संदेश लिहिला तर खूण जाते, पण तेवढे कष्ट बहुतेक जण घेत नाहीत.

लिंकची खरी अडचण ती कुठे ठेवायची ही आहे. इन्स्टाग्रामवर रीलखालच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही. ती प्रोफाइलवर किंवा स्टोरीतल्या स्टिकरवरच चालते आणि स्टोरी चोवीस तासांत निघून जाते. त्यामुळे रील पाहिलेली बरीच माणसे लिंकपर्यंत पोहोचतच नाहीत. ती कॅम्पचे नाव लक्षात ठेवतात, गुगल मॅप्सवर शोधतात आणि तिथला क्रमांक दाबून थेट फोन करतात. काही जण लिंक इन्स्टाग्रामच्या आत उघडतात, मग घरच्यांशी बोलून दोन दिवसांनी स्वतःच्या ब्राउझरमध्ये नाव टाकून येतात. ॲनालिटिक्सला ते थेट आलेले वाटतात. रीलने आणलेला पाहुणा हिशोबातून असा निसटतो.

उलट बाजूही आहे. लिंक छोटी करून देणाऱ्या सेवांचे क्लिकचे आकडे फुगलेले असू शकतात, कारण लिंक तपासणारे यंत्रमानवही त्यात मोजले जातात. एका रात्रीत शेकडो क्लिक आणि व्हॉट्सॲपवर एकही संदेश नाही, असे दिसले तर ती गर्दी माणसांची नसावी, असे समजायला हरकत नाही.

म्हणून लिंक आणि कोड यांच्या जोडीला तिसरे साधन लागते, आणि ते म्हणजे साधी वही. पाहुणा आल्यावर नोंद करताना विचारायचे, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हा प्रश्न मासवडीचा विषय निघण्याआधी विचारायचा. ‘इन्स्टावर पाहिलं’ असे उत्तर आले तर ‘कुणाच्या व्हिडिओत?’ हा पुढचा प्रश्न. आणि ज्याने कोड दिला आहे त्यालाही विचारायचे, कारण ‘मित्र मागच्या वर्षी आला होता, त्याने नंबर दिला, कोड नंतर मिळाला’ असे सांगणारे निघतात. त्यांना रीलने आणलेले नाही.

सहा आठवड्यांनी वहीत काय दिसले?

रील १ जुलैच्या सुमारास टाकले गेले आणि मोजणी सहा आठवडे चालली असे धरू. मुदत आधीच ठरवलेली बरी, नाहीतर आकडा कमी वाटला की ‘अजून दोन आठवडे थांबू’ असे होत राहते. पंधरा ऑगस्टला जोडून येणारी सुटी मोजणीत घ्यायची नाही, कारण ती गर्दी सुटीची असते.

पुण्याच्या इन्फ्लुएन्सरचा रील सहा लाख वेळा पाहिला गेला. लिंकवर ९४० क्लिक, व्हॉट्सॲपवर ६१ चौकशा, JOGA कोडवर ३१ पाहुणे. छोट्या पानाचा रील ३८ हजार वेळा पाहिला गेला. १७० क्लिक, २८ चौकशा आणि KHUBI कोडवर ४० पाहुणे.

इथपर्यंत पाहिले तर मोठा इन्फ्लुएन्सर सपशेल हरला, कारण त्याला ३५ हवे होते. पण वही उघडली की चित्र बदलते. कोड न सांगता आलेल्या १५ जणांनी त्याचाच रील पाहिल्याचे सांगितले. ते मॅप्सवरून फोन करून आले होते. कोड देणाऱ्यांपैकी तिघे मात्र आधीच ठरवून आलेले निघाले. म्हणजे ३१ अधिक १५ वजा ३, एकूण ४३. छोट्या पानाकडून कोडशिवाय आलेले चौघेच होते, तर कोड देणाऱ्यांतले १४ जण जुन्या पाहुण्यांच्या ओळखीने आलेले होते. भटकंतीवाल्यांच्या ग्रुपमध्ये कोड फिरला होता. ४० अधिक ४ वजा १४, एकूण ३०.

दोन्ही दुरुस्त्या विरुद्ध दिशेने गेल्या, हे येथे पाहण्यासारखे. मोठ्या पानाच्या प्रेक्षकांना कोड आठवत नाही, म्हणून कोड कमी मोजतो. छोट्या पानाचे प्रेक्षक एकमेकांना ओळखतात, म्हणून कोड जास्त मोजतो. फक्त कोडवर विसंबणाऱ्याची दोन्हीकडे फसगत होते.

आता पैसे. मोठ्या इन्फ्लुएन्सरचे ४३ पाहुणे गुणिले ७०० म्हणजे ३०,१००; त्यातून कोडवाल्या ३१ जणांच्या मासवडीचे १,८६० वजा केले की २८,२४०. खर्च २२ हजार. शिल्लक ६,२४०. छोट्या पानाचे ३० पाहुणे गुणिले ७०० म्हणजे २१,०००; ४० ताटांचे २,४०० वजा, १८,६००. खर्च ५ हजार. शिल्लक १३,६००. दोघेही फायद्यात. बरेच जण वही येथेच मिटतात.

मग आधी-नंतरची तुलना कशाला?

कारण पाहुणा ‘रील पाहून आलो’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण रील नसता तर तो आलाच नसता, असे त्यातून ठरत नाही. माळशेजला जायचे त्याने आधीच ठरवलेले असेल आणि चार कॅम्पमधून एक निवडताना रील समोर आला असेल. हा फरक त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. तो एकूण आकड्यांतूनच काढावा लागतो.

रविवार ते गुरुवारच्या रात्रींचे पाहुणे मोजू. रीलच्या आधीच्या सहा आठवड्यांत ४६, नंतरच्या सहा आठवड्यांत १५५. वाढ १०९. हा आकडा फसवा आहे. आधीचे आठवडे मे-जूनचे, तेव्हा धरणाचे पाणी आटलेले आणि घाट कोरडा. नंतरचे आठवडे धबधब्यांचे.

म्हणून मागच्या वर्षीची वही काढायची. तेव्हा रील नव्हता. त्याच आधीच्या सहा आठवड्यांत ४० पाहुणे होते आणि नंतरच्या सहात ८५. म्हणजे केवळ पावसाने ते सव्वादोन पटीच्या जवळ, नेमके सांगायचे तर २.१२५ पट झाले. यंदा रील नसता तर ४६ चे त्याच पटीत सुमारे ९८ झाले असते. आले १५५. जादा आले ५७.

वहीतून मोजलेले पाहुणे होते ४३ आणि ३०, एकूण ७३. तुलना सांगते ५७. मधले १६ जण रील पाहून आले खरे, पण बहुधा तसेही आले असते.

या ५७ वर लगेच विश्वास ठेवू नये. मागचे वर्ष आणि हे वर्ष सारखे असेलच असे नाही. पाऊस लवकर किंवा उशिरा येतो, घाटात दरड कोसळून रस्ता बंद होतो. जुलै २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरण परिसरातील दुर्घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने माळशेजसह अनेक पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश लागू केले होते. ज्याच्या तुलनेचे वर्ष नेमके तसे असेल, त्याला पुढच्या वर्षीचा कोणताही रील चमत्कार वाटेल.

याची पडताळणी शेजाऱ्याकडून होते. पाण्याच्या त्याच काठावरचा, तसल्याच दराचा, पण यंदा रील न केलेला कॅम्प शोधायचा आणि त्याच्या मालकाला विचारायचे की मधल्या दिवसांत आधी किती होते आणि नंतर किती. गावात हे विचारता येते. नाते नाही तर निदान चहा तरी असतो. त्याचे ३० चे ६६ झाले, म्हणजे २.२ पट. हीच पट लावली तर आपल्या ४६ चे १०१ व्हायला हवे होते. जादा आले ५४. मागच्या वर्षाने ५७ सांगितले, शेजाऱ्याने ५४. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे एवढे जवळ असतील तर ७३ पेक्षा त्यांच्यावर भिस्त ठेवावी. त्यातही एक पथ्य आहे. शेजाऱ्याचा कॅम्प इतका जवळ नको की आपला रील पाहून आलेले लोक जागा नाही म्हणून त्याच्याकडे वळतील. तसे झाले तर त्याचा आकडाही आपल्याच रीलने वाढलेला असतो आणि आपला फायदा उगाच कमी दिसतो. मधल्या दिवसांत आपले तंबू भरत नसल्याने इथे ती भीती कमी.

निकाल काय लागला?

सोळा पाहुणे कुणाच्या खात्यातून वजा करायचे, हे तुलना सांगत नाही. दोघांचे रील एकाच आठवड्यात आल्याने ती फक्त एकूण आकडा देते. तेव्हा तिन्ही शक्यता मांडून पाहाव्यात.

दोघांतून प्रमाणात वजा केले तर मोठ्या इन्फ्लुएन्सरचे ३४ उरतात आणि छोट्या पानाचे २३. ३४ गुणिले ७०० वजा १,८६०, म्हणजे हाती २१,९४०. खर्च २२ हजार. बरोबरी झाली म्हणायची. छोटे पान तरीही ८,७०० रुपये फायद्यात. सगळे सोळा मोठ्याच्या खात्यातून काढले तर तो ४,९६० रुपयांनी तोट्यात जातो. आणि सगळे सोळा छोट्या पानाच्या खात्यातून काढले तरी त्याचे १४ पाहुणे उरतात आणि २,४०० रुपये शिल्लक पडतात.

छोटे पान कुठल्याही हिशोबाने फायद्यातच राहते. मोठा इन्फ्लुएन्सर मात्र एकही पाहुणा वजा केला नाही किंवा फार थोडे वजा केले तरच फायद्यात दिसतो. सहा लाख व्ह्यूज विरुद्ध अडतीस हजार, या तुलनेत याच्या उलटे वाटले होते. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. ठरवण्याआधी इन्फ्लुएन्सरकडून इनसाइट्सचा स्क्रीनशॉट मागितला तर त्यात प्रेक्षक कोणत्या शहरांतले हे दिसते. बुधवारी रात्री मढला मुक्कामाला येऊ शकतो तो पुणे, ठाणे, कल्याण, मुंबई या पट्ट्यातला माणूस. सहा लाखांतले बाकीचे इंदूर, हैदराबाद किंवा पाटण्यात बसून हिरवा घाट पाहून खूश झालेले असतात. रीलला सशुल्क भागीदारीची खूण लावली तर त्याची पोहोच कॅम्पच्या खात्यालाही दिसते. ही खूण तशीही टाळता येत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैशांबरोबरच फुकट मुक्कामही जाहीर करावा लागतो.

या मोजणीत काय येत नाही?

पुढच्या पावसाळ्यात हाच रील पुन्हा वर येऊ शकतो. लोक असे व्हिडिओ साठवून ठेवतात. सहा आठवड्यांच्या मुदतीत ते पाहुणे दिसत नाहीत. म्हणून कोड बंद न करता पुढच्या वर्षीही त्याची नोंद चालू ठेवावी, मात्र ती वेगळ्या पानावर. दुसरे, आकडे लहान आहेत. आठवड्यात एखादा तीस जणांचा ट्रेकचा गट आला की सगळी तुलना हलते. असे गट दोन्ही वर्षांच्या मोजणीतून बाजूला काढावेत. आणि अवघ्या पाच-सात पाहुण्यांच्या फरकावरून कोणाला चांगले किंवा वाईट ठरवू नये.

फी ऐवजी कोडवरच्या प्रत्येक बुकिंगमागे ठरावीक रक्कम द्यावी, असाही मार्ग काही जण सुचवतात. तो आकर्षक वाटतो, कारण पाहुणे आले नाहीत तर पैसेही नाहीत. पण मग कोड जमेल तिथे पसरवण्यात इन्फ्लुएन्सरचा फायदा असतो आणि वर सांगितलेले १४ जण ४० व्हायला वेळ लागत नाही. त्यातल्या त्यात, निम्मी रक्कम ठरावीक आणि उरलेली वहीतून खात्री झालेल्या नव्या पाहुण्यांवर, हा करार दोघांनाही परवडतो.

पुढच्या हंगामासाठी सर्वात स्वस्त सुधारणा मात्र तारखांची आहे. दोन रील एकाच आठवड्यात न टाकता एक जुलैच्या पहिल्या आठवड्यात आणि दुसरा तीन आठवड्यांनी टाकायचा. मधल्या दिवसांची गर्दी पहिल्यानंतर किती उसळली, ओसरली आणि दुसऱ्यानंतर किती उसळली, हे मग शेजाऱ्याच्या वहीशेजारी आपली वही ठेवली की वेगवेगळे दिसते, आणि सोळा पाहुणे कोणाच्या खात्यातून वजा करायचे याचा अंदाज बांधता येतो.